सुवेळा माचीवरची पहाट, सहा तुकड्यांत

भटकंतीच्या व्हिडिओत बोलणारा माणूस मधूनच पडद्यावरून बाजूला होतो. त्याचा आवाज चालू राहतो आणि आपल्याला दरी, बुरूज, दवाने भिजलेलं गवत दिसत राहतं. या भरीच्या चित्रणाला बी-रोल म्हणतात. हल्ली ते नुसतं वर्णन लिहून एआयकडून बनवून घेता येतं आणि त्या वर्णनाला प्रॉम्प्ट म्हणतात. पण ‘डोंगरी किल्ला, सूर्योदय’ एवढंच लिहिलं तर बऱ्याचदा टोकदार मनोऱ्यांचा युरोपी कॅसल समोर येतो, नाहीतर राजस्थानी घुमट. सह्याद्रीचा काळा कातळ सांगितल्याशिवाय येत नाही.

त्याहून मोठी अडचण सलगतेची. असा प्रत्येक तुकडा जेमतेम काही सेकंदांचा असतो आणि वेगळा बनतो, त्यामुळे दुसऱ्या तुकड्याला पहिल्याची खबर नसते. एका तुकड्यात ऊन उजवीकडून, पुढच्यात डावीकडून, असं झालं की बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खटकतं. लांबचं दृश्य आणि जवळचा बारकावा एकाच सकाळचे वाटायला हवे असतील, तर त्यांना बांधणारा धागा सूर्याचाच.

राजगड घेऊ. बालेकिल्ल्याच्या पूर्वेला सुवेळा माची, म्हणून सूर्योदय पाहायला लोक तिकडेच जातात. मी सहा तुकड्यांचा क्रम लिहिला, प्रत्येकी चार-पाच सेकंदांचा. आधी एक ओळ पक्की केली आणि ती सहाही ठिकाणी शब्दशः तशीच ठेवली: ‘डिसेंबरची पहाट, काळा बेसॉल्ट, वाळलेलं पिवळं गवत, दरीत विरळ धुकं, निर्मनुष्य.’ ‘माणसं नकोत, झेंडे नकोत’ असं मुद्दाम लिहिलं नाही. नको म्हणून नाव घेतलेली वस्तूच पुष्कळदा चित्रात अवतरते, आणि झेंडा आला की त्यावर कुठल्याच लिपीतली नसलेली अक्षरंही येतात.

मग कॅमेऱ्याचं तोंड ठरवलं. पहिला वाइड शॉट बालेकिल्ल्यावरून पूर्वेकडे: सूर्य समोर, म्हणून माचीचा कणा नुसता काळ्या आकृतीसारखा, आकाश निळसर, कॅमेरा स्थिर. पुढचे तीन इन्सर्ट, म्हणजे बारकाव्याचे शॉट, सगळे उत्तरेकडे तोंड करून, कारण मग ऊन कायम उजवीकडून येतं. त्यातल्या एकाचा मजकूर असा: ‘तटाच्या दगडांची सांध, अगदी जवळून, उजवीकडून जमिनीलगत आलेलं तांबूस ऊन, दगडाचा खडबडीतपणा सावल्यांमुळे उठून दिसतो, कॅमेरा फार हळू पुढे सरकतो.’ दुसरा गवताच्या पात्यावरच्या दवाचा, तिसरा टाक्यातल्या थरथरत्या पाण्याचा. पाचवा मध्यम अंतरावरून नेढ्याचा, म्हणजे माचीवरच्या खडकाला पडलेल्या आरपार भोकाचा, पलीकडे आकाश. शेवटचा वाइड पश्चिमेकडे तोंड करून. आता सूर्य पाठीशी आहे, त्यामुळे समोर काळी आकृती दिसता कामा नये; तोरण्याचा माथा उजळलेला आणि खालची दरी अजून अंधारलेली. हे वेगळं लिहिलं नाही तर ‘सूर्योदय’ या एका शब्दावर सहाही तुकड्यांत तोच नारिंगी गोळा समोर ठेवलेला मिळतो.

वेळेचंही तसंच. आपल्या अक्षांशावर सूर्यबिंब क्षितिजावर पूर्ण यायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो, पण रंग त्याच्या आधीपासून नंतरपर्यंत बदलत असतो. म्हणून पक्क्या ओळीत रंग घातला नाही. तो प्रत्येक तुकड्यात वेगळा दिला: आधी निळसर, मग तांबूस, शेवटी फिकट सोनेरी.

तुकडे हाती आले की आवाज बंद करून शेजारी-शेजारी लावावेत आणि फक्त सावल्या पाहाव्यात. मग बुरूज मोजावेत. माझ्या पहिल्या खेपेत पहिल्या आणि शेवटच्या वाइडमध्ये तटबंदीची घडणच बदलली होती. दव आणि सांध मात्र पहिल्याच फटक्यात चांगली आली, कारण दगड जवळून कुठल्याही गडाचा असू शकतो. लांबून राजगड हा राजगडच असावा लागतो, आणि प्रॉम्प्टमध्ये नाव लिहून तो तसा येत नाही. संजीवनी माचीची दुहेरी चिलखती तटबंदी शब्दांत सांगून पाहा, काहीतरी तिसरंच उभं राहील. त्यावर उपाय एकच सापडला. दोन्ही वाइडसाठी स्वतः काढलेला फोटो पहिली चौकट म्हणून द्यायचा आणि प्रॉम्प्टमध्ये फक्त धुक्याची आणि उजेडाची हालचाल लिहायची. तेव्हाही कॅमेरा फिरवायला सांगू नये. फोटोच्या कडेपलीकडे काय आहे ते यंत्र मनानेच रचतं.

यूट्यूबवर खऱ्यासारखं दिसणारं असं चित्रण टाकताना ते कृत्रिम असल्याचं जाहीर करावं लागतं. मी तेवढ्यावर न थांबता दोन्ही वाइड काढून टाकले आणि त्या जागी फोनवर धरलेला, थोडा हललेला खरा सूर्योदय लावला. दवाचा तुकडा ठेवला, कोपऱ्यात ‘एआय चित्रण’ अशी पट्टी लावून.