प्रोटॉनची शीळ आणि काउंटरचं घड्याळ

नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे, आणि तिची सर्वांत नावाजलेली वेधशाळा अलिबागला. मुंबईच्या ट्राम विजेवर धावणार असं ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला काम सुरू झालं. अशा वेधशाळांत चुंबकीय क्षेत्राची एकूण तीव्रता मोजायला प्रोटॉन मॅग्नेटोमीटर वापरतात, आणि ते खरं तर वारंवारताच मोजतं.

द्रवातल्या प्रोटॉनांना तीव्र क्षेत्राने एका दिशेला वळवायचं आणि ते क्षेत्र एकदम काढून घ्यायचं. मग ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती घुमू लागतात आणि कॉइलमध्ये क्षीण सिग्नल उमटतो. त्याची वारंवारता एका नॅनोटेस्लाला ०.०४२५७६ हर्ट्‌झ, म्हणजे ४३,००० नॅनोटेस्लाला सुमारे १,८३१ हर्ट्‌झ.

साधा काउंटर एक सेकंद गेट उघडून आवर्तनं मोजतो. त्यात एकाची चूक अटळ असते, आणि इथे एक हर्ट्‌झ म्हणजे साडेतेवीस नॅनोटेस्ला! शांत दिवसाचा चढउतारच काही डझन नॅनोटेस्लांचा, तेव्हा असं मोजमाप कुचकामी. गेट शंभर सेकंदांचं करावं, तर सिग्नल काही सेकंदांतच विझतो.

म्हणून गणित उलटं करतात. सिग्नलची १,०२४ आवर्तनं पुरी होईपर्यंत १० मेगाहर्ट्‌झ ऑसिलेटरचे ठोके मोजायचे. सुमारे ०.५६ सेकंदात ५६ लाखांच्या आसपास ठोके पडतात. एका ठोक्याची चूक नॅनोटेस्लाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. प्रत्यक्षात इतकं बारीक हाती लागत नाही, कारण गोंगाटामुळे पहिल्या आणि शेवटच्या आवर्तनाचा क्षण थोडा सरकतो. मोजणीची खिडकी लांबवली की आधी वाचनांचा विखुर घटतो. सिग्नल विझत आला की पुन्हा वाढतो, मधूनच एखादं वाचन भलतीकडे उडी मारतं. विखुर सर्वांत कमी असेल तिथे थांबावं. जवळ लोखंड असेल तर सिग्नल लवकर मरतो, आणि ही जागा अलीकडे येते.

पण वाचनं एकमेकांशी कितीही जुळली, तरी ऑसिलेटरचीच चाल चुकली असेल तर सगळी सारखीच चुकतात. ते गेट टाइमने सुधारत नाही. त्यासाठी काउंटर तासभर तापू द्यावा आणि उपग्रहाशी जुळलेल्या संदर्भ ऑसिलेटरचा १० मेगाहर्ट्‌झ सिग्नल मोजावा. इथे सिग्नल अखंड मिळतो, त्यामुळे दहा सेकंदांचं गेट खुशाल घ्यावं. एका मोजणीची चूक अब्जात दहा भागांवर येते. समजा, वाचन १,००,००,०२३.० आलं. म्हणजे काउंटरचं घड्याळ दशलक्षात २.३ भाग मंद आहे: गेट जरा जास्त वेळ उघडं राहिलं. ४३,००० नॅनोटेस्लावर ही चूक ०.१ नॅनोटेस्लाची, वाचन तेवढं जास्त दिसतं, म्हणून वजा करायचं.

वाचन अगदी नेमकं १,००,००,०००.० आलं तर मागची केबल आधी तपासावी. तोच संदर्भ काउंटरच्या बाह्य घड्याळाच्या सॉकेटलाही जोडलेला असेल, तर तो स्वतःशीच स्वतःला ताडून पाहत असतो. आणि २.३ हा आकडा कायमचा नव्हे. साध्या क्रिस्टलची चाल तापमानाने बदलते; मे महिन्यातल्या दुपारी आणि जानेवारीतल्या पहाटे वेगवेगळी दुरुस्ती निघू शकते, म्हणून नोंदवहीत आकड्यापुढे तापमानही लिहावं.