संविधान तक्ता आणि प्रश्नपत्रिकेची पडताळणी : काही गैरसमज

प्रश्नपत्रिकेची संविधान तक्त्याशी पडताळणी करणे म्हणजे तक्त्यातील उभ्या-आडव्या बेरजा जुळवून खाली स्वाक्षरी करणे, अशी समजूत अनेक शाळांतून रूढ झालेली आहे. वस्तुतः बेरजा जुळणे हा पडताळणीचा केवळ आरंभ होय. कारण तक्ता भरतो तो प्रश्नपत्रिका काढणाराच, आणि आपला प्रश्न कोणत्या उद्दिष्टाचा आहे याविषयी त्याचा जो अभिप्राय असतो, तोच त्या आकड्यांत उतरलेला असतो.

दहावीच्या विज्ञानाची वीस गुणांची एक चाचणी उदाहरणादाखल घेऊ. गुरुत्वाकर्षण, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन आणि भिंगे या चार घटकांना अनुक्रमे 8, 10, 8 आणि 14 तासिका दिल्या असतील, तर त्याच प्रमाणात त्यांना 4, 5, 4 आणि 7 गुण येतात. उद्दिष्टांची वाटणी ज्ञान 5, आकलन 7, उपयोजन 6 आणि कौशल्य 2 अशी ठरली आहे, आणि काढणाऱ्याच्या तक्त्यात हे सर्व आकडे तंतोतंत जुळले आहेत, असे धरू.

आता हीच प्रश्नपत्रिका, आदर्श उत्तरे आणि गुणदान योजना यांसह, परंतु भरलेला तक्ता न दाखवता, त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाकडे द्यावी. त्याने प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवावा, उत्तर लिहिताना विद्यार्थ्याला नेमके काय करावे लागते ते पाहून कोऱ्या तक्त्यात गुण मांडावेत, आणि मगच दोन्ही तक्ते शेजारी ठेवावेत. तफावत दिसते ती येथे. ‘तारे लुकलुकतात याचे कारण स्पष्ट करा’ हा दोन गुणांचा प्रश्न काढणाऱ्याने आकलनाचा मानला होता. परंतु त्याचे उत्तर वर्गात लिहवून घेतलेले असल्यामुळे विद्यार्थ्याला ते केवळ आठवायचे आहे. भिंगावरील तीन गुणांचे उदाहरण उपयोजनात नोंदले होते. तेही पुस्तकात त्याच आकड्यांसह सोडवून दाखविलेले निघाले. हे दोन प्रश्न ज्ञानाच्या रकान्यात हलविताच तेथील गुण पाचांवरून दहावर जातात. ज्या चाचणीत पाव हिस्सा स्मरणाचा असावा असे ठरले होते, तिचा निम्मा भाग स्मरणाने व्यापला, आणि बेरीज मात्र वीसच राहिली!

यावरून ‘स्पष्ट करा’, ‘कारणे द्या’ अशा शब्दांवरून उद्दिष्ट ओळखता येते, हा सर्वांत दृढ गैरसमज किती पोकळ आहे ते ध्यानात येईल. उद्दिष्ट ठरते ते प्रश्नाच्या क्रियापदावरून नव्हे, तर वर्गात काय शिकविले गेले यावरून. म्हणूनच बाहेरच्या तपासनिसाला पाठ्यपुस्तकासोबत वर्गातील टिपणेही पाहावयास मिळाली पाहिजेत. ती नसतील तर त्याचा निर्णय अंदाजापलीकडे जात नाही.

उदाहरणातील आकडे बदलले म्हणजे उपयोजन साधले, असेही नाही. सूत्रात किमती घालण्याची तीच परिचित रीत पुन्हा वापरली जाते. त्याऐवजी, बहिर्वक्र भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर पडद्यावरील प्रतिमेत कोणता फरक पडेल, असे विचारावे. प्रतिमा पूर्णच मिळेल याला एक गुण, तिची तेजस्विता कमी होईल याला एक, आणि वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण उरलेल्या अर्ध्या भागातूनही जातात या कारणाला एक. हा प्रश्न वर्गात आधी चर्चिला गेला नसेल, तर तो निःसंशय उपयोजनाचा आहे.

उपयोजनाचा प्रश्न तो कठीण आणि ज्ञानाचा तो सोपा, हा समजही टिकत नाही. गुरुत्व स्थिरांकाची किंमत लिहा, हा प्रश्न ज्ञानाचा असूनही पुष्कळांना अडतो. काठिण्यपातळीचा हिशेब स्वतंत्रच ठेवावा लागतो.

विकल्पांकडे मात्र फारच थोड्यांचे लक्ष जाते. ‘कोणतेही दोन सोडवा’ म्हणून तीन प्रश्न दिले, आणि त्यांपैकी एक गुरुत्वाकर्षणाच्या स्मरणाचा, दुसरा उष्णतेच्या आकलनाचा व तिसरा भिंगाच्या उपयोजनाचा असला, तर विद्यार्थी तिसरा सरळ टाळू शकतो, आणि तक्त्यात नोंदलेले उपयोजन त्याच्या उत्तरपत्रिकेत उतरतच नाही. प्रत्येक घटकावर एकेक प्रश्न आला म्हणजे सर्व अभ्यासक्रम व्यापला, या समाधानाला येथेच तडा जातो. विकल्प द्यावयाचाच असेल, तर तो त्याच घटकातील, त्याच उद्दिष्टाच्या आणि तितक्याच गुणांच्या दोन प्रश्नांमध्ये द्यावा.

तक्त्यातील सोळाही घरे भरलीच पाहिजेत, असा अट्टहास मात्र नको. वीस गुणांच्या चाचणीत काही घरे रिकामी राहणारच, आणि एखाद्या गुणाची तफावतही क्षम्य मानावी. परंतु सर्व उपयोजन भिंगांत आणि सर्व स्मरण उष्णतेत साठले असेल, तर बेरजा बरोबर असूनही मसुदा परत पाठवावा.

मुख्याध्यापकांना विनंती एवढीच, की छपाईपूर्वी दुसऱ्या शिक्षकाला प्रश्नपत्रिकेसोबत एक कोरा तक्ता आणि ती सोडविण्यास पुरेसा वेळ द्यावा.