संगणकातला फोन का रखडतो?

ॲपच्या चाचणीसाठी संगणकातच आभासी यंत्र उभारून त्यात ॲंड्रॉइड चालवता येते. गुगलचा एम्युलेटर हेच करतो. पण हा आभासी फोन सुरू व्हायलाच बराच वेळ घेत असेल, तर आधी प्रोसेसरकडे पाहावे.

आभासी यंत्रातल्या सूचना खऱ्या प्रोसेसरवर थेट चालल्या, तरच वेग मिळतो. लिनक्सवर ही सोय केव्हीएम देते. ती नसेल तर प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरला भाषांतरित करावी लागते आणि सगळेच रखडते. इंटेल वा एएमडी प्रोसेसर असेल, तर ॲंड्रॉइडची `x86_64` प्रतिमाच निवडावी. एआरएमची प्रतिमा निवडली, तर केव्हीएमचा उपयोग होत नाही. सोय उपलब्ध आहे का, हे असे तपासावे:

```
emulator -accel-check
```

केव्हीएम वापरता येत नाही असे उत्तर आले, तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे का ते पाहावे. परवानगीची तक्रार असेल, तर आपले खाते `kvm` गटात घालून पुन्हा लॉगइन करावे. एम्युलेटर दुसऱ्या आभासी यंत्राच्या आत चालवायचा असेल, तर मूळ संगणकावर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनही सुरू असावे लागते.

फोन झटकन सुरू होतो, पण यादी सरकवताना अडखळतो, तेव्हा दोष बहुधा चित्रांकनात असतो. `-gpu host` दिल्यास ते काम ग्राफिक्स कार्डाकडे जाते. कार्डच नसलेल्या सर्व्हरवर मात्र ते प्रोसेसरलाच करावे लागते, म्हणून तिथे ॲनिमेशनचा वेग मोजून निष्कर्ष काढू नयेत.