रेझ्युमेतल्या पहिल्या चार ओळी: लीड व्हायचंय, पण समरी अजून सीनियरचीच

लीडच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या बऱ्याच सीनियर इंजिनिअरांच्या रेझ्युमेत वरची समरी अशी असते: ‘९ वर्षांचा बॅकएंड अनुभव. जावा, स्प्रिंग बूट, काफ्का, पोस्टग्रेसमध्ये प्रावीण्य. पेमेंट सर्व्हिस सुरुवातीपासून बांधली. ५ ज्युनिअर्सना मार्गदर्शन. उत्तम नेतृत्वगुण.’ यात खोटं काहीच नाही. पण वाचणाऱ्याला यातून एवढंच कळतं की ही व्यक्ती चांगला कोड लिहिते. तिच्यामुळे इतरांचं काम कसं बदललं, हे कळत नाही. लीड निवडताना बघायचं असतं ते नेमकं हेच, आणि ते न लिहिण्यामागे बहुतेकदा काही ठरावीक गैरसमज असतात.

गैरसमज: हाताखाली माणसं नव्हती, मग प्रभाव कुठून दाखवणार?

टेक लीडच्या हाताखाली कित्येक कंपन्यांत कुणीच नसतं. पगारवाढ, रजा, मूल्यमापन हे सगळं मॅनेजरकडे असतं. लीडला हुकूम सोडता येत नाही, त्यामुळे हुकूम न सोडता चार टीमना एका दिशेला आणल्याचा पुरावा हाच त्या जागेसाठी सर्वांत उपयोगी ठरतो.

एक नमुना घेऊ. समजा, वरची समरी पेमेंट टीममधल्या एका इंजिनिअरची आहे. ग्राहकाने पैसे भरले, मध्येच नेटवर्क तुटलं, ॲपने तीच विनंती पुन्हा पाठवली आणि खात्यातून दोनदा पैसे गेले. हा या क्षेत्रातला जुना दुखरा प्रश्न. उपायही ठाऊक असलेला आहे: प्रत्येक व्यवहाराला एक वेगळी की द्यायची, सर्व्हरने ती उत्तरासह साठवायची आणि तीच की पुन्हा आली तर नवा व्यवहार न करता आधीचंच उत्तर परत द्यायचं. तिने हे स्वतःच्या सर्व्हिसमध्ये केलं. इथपर्यंत ते सीनियरचं काम.

पुढे तिच्या लक्षात आलं की ऑर्डर आणि रिफंड या टीमही हेच आपापल्या परीने लिहीत आहेत. तिने चार पानांचं डिझाइन डॉक्युमेंट लिहून सगळ्यांसमोर ठेवलं. तिच्या मसुद्यात की २४ तास जपायची होती. रिफंड टीमने हरकत घेतली: आमच्याकडे अडकलेला रिफंड तीन-चार दिवसांनीही पुन्हा पाठवला जातो, तोवर तुमची की पुसली गेलेली असेल आणि पैसे दोनदा परत जातील. हरकत रास्त होती. मुदत ७ दिवसांवर नेली, साठवणीचा वाढीव खर्च डॉक्युमेंटमध्ये मांडला आणि तिन्ही टीमनी एकच लायब्ररी घेतली. समरीत यायला हवा तो हा भाग, आणि जुन्या समरीत नेमका तोच नाही.

गैरसमज: आकडे मोठे असले की झालं.

‘४०० पीआर, १,२०० रिव्ह्यू’ हा आकडा कष्ट दाखवतो, परिणाम नाही. किंबहुना प्रत्येक रिव्ह्यू तिच्याकडेच येत असेल, तर टीम तिच्यावाचून अडते असाही त्याचा अर्थ निघतो. उपयोगी प्रश्न उलटा आहे: तिने सुरू केलेल्या गोष्टीवर आता दुसरं कोण काम करतं? त्याचं उत्तर रिपॉझिटरीतच मिळतं:

```
git shortlog -sn --no-merges --since="6 months ago" HEAD -- libs/idempotency
```

गेल्या सहा महिन्यांत त्या फोल्डरमध्ये कुणाचे किती कमिट आहेत, याची उतरत्या क्रमाने यादी येते. तिचं नाव खाली गेलेलं असेल आणि वर इतर टीमची दोन-तीन नावं असतील, तर लायब्ररी खरोखर रुजली. यादी वाचताना थोडं जपायला हवं. आवृत्त्या बदलणारा बॉट किंवा एका झटक्यात केलेली फॉरमॅटिंगची साफसफाई कुणालाही वर नेऊ शकते, म्हणून वरच्या नावांचे काही कमिट उघडून बघावेत.

परिणामाच्या आकड्यालाही पाया लागतो. समजा, दोनदा पैसे कापल्याच्या तक्रारी महिन्याला सुमारे ४० होत्या, त्या ५ च्या आत आल्या. पण त्याच तिमाहीत गेटवेने आपला टाइमआउट सुधारला असेल, तर सगळं श्रेय लायब्ररीला देता येत नाही. अशा वेळी टीमनिहाय तारखा जुळवून बघाव्यात. प्रत्येक टीमने लायब्ररी घेतल्यानंतर तिच्याच तक्रारी उतरल्या असतील, तर दावा टिकतो. सगळीकडे एकाच आठवड्यात उतरल्या असतील, तर गेटवेचा वाटा मोठा, आणि समरीत तक्रारींचा आकडा न देता किती टीमनी लायब्ररी घेतली एवढंच लिहावं. कंपनीचे आकडे बाहेर सांगता येत नसतील, तर ‘आठपटीने कमी’ असं प्रमाण पुरतं.

गैरसमज: ‘मार्गदर्शन केलं’ म्हटलं की नेतृत्व दिसतं.

या शब्दांमागे दोन वर्षांची मेहनतही असू शकते आणि दोन चहाही. वाचणाऱ्याला फरक कळायला मार्ग नसतो. ज्याला शिकवलं तो आता काय करतो, ते लिहावं: ‘दोन इंजिनिअर आता पेमेंटचं ऑन-कॉल स्वतंत्रपणे सांभाळतात.’ ‘उत्तम नेतृत्वगुण’ मात्र सरळ खोडावं, असं माझं ठाम मत आहे. त्या जागेत खरी गोष्ट मावते.

टान्या रायली यांनी ‘बीइंग ग्लू’ या व्याख्यानात टीम जोडून ठेवणाऱ्या कामाबद्दल सांगितलं आहे: दोन टीममधला विसंवाद हेरणं, नव्या माणसाला सावरणं, राहून गेलेला निर्णय करवून घेणं. हे काम कमिटमध्ये उमटत नाही, म्हणून बढतीच्या वेळी मोजलंही जात नाही. डिझाइन डॉक्युमेंट, बैठकीतले लिखित निर्णय, प्रॉडक्शनमधल्या घटनेनंतरचा अहवाल हे त्याचे माग. ते जपले असतील, तरच समरीतलं वाक्य मुलाखतीत उभं राहतं. तिथे हमखास विचारतात: विरोध कुणी केला? तुमचं कुठलं मत बदललं? २४ तासांचे ७ दिवस का झाले, हे जिने प्रत्यक्ष केलं तिला दहा मिनिटं सांगता येतं. बैठकीत नुसतं बसलेल्याला दोन वाक्यांपुढे जाता येत नाही.

गैरसमज: ‘आम्ही’ लिहिलं तर श्रेय जातं, ‘मी’ लिहिलं तर फुशारकी होते.

कर्ता प्रत्येक क्रियेपाशी ठेवला की हा पेच सुटतो. आखलं तिने, स्वीकारलं तीन टीमनी, सांभाळतात दुसरे दोघं.

गैरसमज: लीड व्हायचं म्हणजे समरीतून कोड काढून टाकायचा.

विल लार्सन यांनी ‘स्टाफ इंजिनिअर’ या पुस्तकात वरच्या पायरीवरच्या इंजिनिअरांचे चार प्रकार केले आहेत: टेक लीड, आर्किटेक्ट, सॉल्व्हर आणि राइट हँड. चौघांच्या कामात कोडचा वाटा सारखा नसतो. म्हणून जागेची जाहिरात नीट वाचून ते ठरवावं, पण एका टीमच्या टेक लीडसाठी कोडची एक ओळ हवीच. तंत्रांची यादी खाली कौशल्यांच्या रकान्यात जाऊ द्यावी. वर मात्र असं काही यावं:

‘पेमेंट क्षेत्रातली बॅकएंड इंजिनिअर, ९ वर्षं. दुबार वजावट रोखणारी सामाईक पद्धत आखली. रिफंड टीमच्या गरजेनुसार ती बदलून पेमेंट, ऑर्डर, रिफंड या तिन्ही टीमना एका लायब्ररीवर आणलं. तक्रारी महिन्याला ४० वरून ५ च्या आत. लायब्ररीची देखभाल आता इतर टीममधले दोन इंजिनिअर करतात. पेमेंटच्या गाभ्याचा कोड आजही स्वतः लिहिते.’