आठ फुटांवरून टीव्ही निवडताना

दुकानात ओळीने लावलेले सगळे टीव्ही झगमगतात, कारण ते डेमोच्या भडक मोडवर ठेवलेले असतात. त्यामुळे निवडीची सुरुवात दुकानात न करता घरात टेप धरून करावी. समजा, हॉलमध्ये सोफ्यापासून भिंत 8 फुटांवर आहे, खिडकी समोर आहे आणि एका बाजूला दिवाण आहे. फुटांना साडेसातने गुणले की आरामात पाहता येईल असा इंचांचा आकडा मिळतो. इथे तो 60 येतो, म्हणजे 55 इंची टीव्ही योग्य. घरात अजून एचडी नसलेली केबल वाहिनीच जास्त पाहिली जात असेल, तर एक माप खाली उतरावे. मोठ्या पडद्यावर ते चित्र फिसकटलेले दिसते.

पॅनेलचा विचार दिवाणापासून करावा. एलसीडी टीव्हीत मुख्यतः व्हीए आणि आयपीएस असे दोन प्रकार असतात. व्हीएमध्ये काळा रंग खरोखर गडद दिसतो, पण बाजूने पाहिले की रंग फिके पडतात. आयपीएस बाजूनेही रंग टिकवते, मात्र अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग राखाडी भासतो. ज्या घरात निम्मी माणसे दिवाणावर बसतात, तिथे आयपीएस बरे. रात्री दिवे मालवून समोरून सिनेमे पाहणाऱ्यांनी व्हीए घ्यावे. विक्रेत्याला पॅनेलचा प्रकार सांगता येत नसेल, तर टीव्ही साध्या मोडवर लावायला सांगावा आणि दोन पावले बाजूला सरकून माणसांच्या चेहऱ्यांचा रंग पाहावा. एकाच मॉडेलच्या 43 आणि 55 इंची टीव्हीत पॅनेल वेगळे असू शकते, तेव्हा जे माप घ्यायचे तेच तपासावे.

क्यूएलईडी हे नाव ऐकून पुष्कळ जण फसतात. तोही एलसीडीच, मागच्या प्रकाशावर रंग सुधारणारा थर असतो, एवढेच. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतो, म्हणून काळा पूर्ण काळा दिसतो. पण दिवसभर वृत्तवाहिनी चालणाऱ्या घरात खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो तिथे कायमचा उमटण्याचा धोका राहतो.

खोक्यावरचे बाकीचे आकडे बिनधास्त सोडून द्यावेत. लाखो-कोटींचा 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. 'मोशन रेट 120' लिहिलेले पॅनेल बऱ्याचदा 60 हर्ट्झचेच निघते. एचडीआरच्या शिक्क्याचा अर्थ इतकाच, की तो सिग्नल टीव्हीला वाचता येतो. साधारण 300 निट उजेडाच्या पडद्यावर त्याचा फरक फारसा दिसत नाही.

खरे पैसे जातात ते पॅनेल बिघडल्यावर. वॉरंटी संपल्यावर ते बदलायचा खर्च बऱ्याचदा नव्या टीव्हीच्या किमतीजवळ जातो. म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करून आपला पिनकोड व मॉडेल क्रमांक सांगावा. तंत्रज्ञ घरी येतो की टीव्ही शहरात न्यावा लागतो आणि पॅनेलची वॉरंटी किती वर्षांची, हे तिथेच विचारून घ्यावे. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याने तर ब्रँड याच उत्तरावरून ठरवावा.