ऑफर लेटरमध्ये चूक आढळली तर...

विठ्ठलवाडी : नोकरीचे ऑफर लेटर हाती पडले, की नजर वार्षिक पॅकेजच्या आकड्यावर जाते आणि बहुधा तेथेच थांबते. चूक मात्र अनेकदा शेवटच्या पानावरील वेतनाच्या तक्त्यात दडलेली असते.

समजा, विठ्ठलवाडीतील एका तरुणीची ठाण्यातील कंपनीत 'सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह' या पदावर निवड झाली. वार्षिक पॅकेज ४,८०,००० रुपये ठरले. पत्राच्या पहिल्या पानावर तोच आकडा आहे. पण पदनामातून 'सीनियर' गळले आहे आणि तक्त्यात मासिक वेतन ३२,८०० रुपये छापले आहे. पॅकेजला बाराने भागले, तर ४०,००० येतात. म्हणून '७,२०० रुपये कमी आहेत' असे तिने कळविले, तर चूक तिचीच ठरेल. कंपनी भविष्यनिर्वाह निधीत भरते तो स्वतःचा हिस्साही पॅकेजमध्येच धरण्याची पद्धत रूढ आहे. येथे तो दरमहा १,८०० रुपये दाखविला आहे. तेव्हा मासिक वेतन ३८,२०० हवे होते. टंकताना दोन अंकांची अदलाबदल झाली आणि वर्षाला ६४,८०० रुपयांचा फरक पडला. (कर्मचाऱ्याचा स्वतःचा हिस्सा वेतनातून कापला जातो, तो वेगळा.)

ही बेरीज आधी करावी आणि मगच मनुष्यबळ विभागाला ई-मेल करावा. फोनवर बोलणे झाले, तरी लेखी नोंद हवीच. मजकूर असा पुरे :

'आपल्या पत्रात दोन बाबी ठरल्याप्रमाणे दिसत नाहीत. पान १ वर पदनाम "अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह" आहे. निवडीच्या ई-मेलमध्ये "सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह" असे होते. तक्त्यात मासिक वेतन ३२,८०० आहे. पान १ वरील पॅकेजनुसार ते ३८,२०० होते. कृपया दुरुस्त प्रत पाठवावी. ती मिळताच स्वाक्षरी करून परत करीन. तोवर स्वीकृतीची मुदत वाढवून मिळावी.' सोबत निवडीचा ई-मेल जोडावा.

शेवटची विनंती महत्त्वाची. मुदत टळली, तर प्रस्तावच संपुष्टात येऊ शकतो. 'आधी सही करा, नंतर बदलू' असे सांगितले जाते, ते मात्र मानू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७ नुसार स्वीकृती बिनशर्त असावी लागते. जसेच्या तसे पत्र स्वीकारले, की चुकीचा आकडाही स्वीकारल्यासारखे होते. आकडा स्वतः पेनाने खोडून सही केली, तर कंपनीची मान्यता मिळेपर्यंत तो नवाच प्रस्ताव ठरू शकतो.

दुरुस्त प्रत आल्यावर पुन्हा तक्त्यापासूनच वाचावे. पहिल्या पानावरील पदनाम सुधारले जाते आणि तक्ता जुनाच जोडला जातो, असे घडते. नव्या प्रतीवर नवी तारीख आणि 'हे पत्र पूर्वीच्या पत्राऐवजी देण्यात येत आहे' असे वाक्य असावे. जुनी प्रतही जपून ठेवावी.