दहा टक्के, वीस टक्के आणि नेमकी तारीख
बाजाराची बाराखडी : लेखांक सातवा

वाणिज्य शाखेच्या प्रश्नमंजूषेत ‘बुल मार्केट म्हणजे काय?’ हा प्रश्न हमखास असतो. ‘बाजार वर जातो तेव्हा’ एवढं लिहिलं तरी त्याला गुण मिळतात. पण किती वर, कुठून वर आणि कोणता निर्देशांक, हे न सांगता दिलेल्या उत्तरावरून कोणत्याही दिवशीचा बाजार ओळखता येत नाही. म्हणून या लेखांकात व्याख्यांसोबत आकडेमोड करायला लावणारी एक प्रश्नपत्रिका उत्तरांसह देत आहे. शिक्षकांनी ती वर्गात जशीच्या तशी वापरायला हरकत नाही. बहुतेक प्रश्न एकाच उदाहरणावर आहेत : २०२० च्या पहिल्या चार महिन्यांतला निफ्टी ५०.

प्रश्न १. करेक्शन, बेअर मार्केट आणि बुल मार्केट यांच्या रूढ व्याख्या लिहा.

उत्तर : निर्देशांक अलीकडच्या सर्वोच्च बंद पातळीपासून १० टक्के किंवा अधिक, पण २० टक्क्यांपेक्षा कमी घसरला, तर त्याला करेक्शन म्हणतात. घसरण २० टक्के किंवा अधिक झाली की ते बेअर मार्केट, म्हणजे मंदीचा बाजार. तळाच्या बंद पातळीपासून २० टक्के किंवा अधिक वाढ झाली की बुल मार्केट, म्हणजे तेजीचा बाजार.

दहा आणि वीस हे आकडे कायद्यात किंवा सेबीच्या नियमात नाहीत. बाजारातली माणसं आणि वृत्तपत्रं वापरत आली म्हणून ते रूढ झाले. त्यामुळे ‘सेबीच्या व्याख्येनुसार’ अशी सुरुवात करणाऱ्या उत्तराचा एक गुण कापावा.

प्रश्न २. पुढे निफ्टीच्या बंद पातळ्या दिल्या आहेत. करेक्शन आणि बेअर मार्केट नेमकं कोणत्या तारखेला झालं?

- १४ जानेवारी २०२० : १२,३६२.३० (तोवरचा उच्चांक)
- २ मार्च : ११,१३२.७५
- ६ मार्च : १०,९८९.४५
- १२ मार्च : ९,५९०.१५
- २३ मार्च : ७,६१०.२५

उत्तर : आधी दोन रेषा काढून घ्यायच्या. १२,३६२.३० चे ९० टक्के म्हणजे ११,१२६.०७, ही करेक्शनची रेषा. त्याचेच ८० टक्के म्हणजे ९,८८९.८४, ही बेअर मार्केटची रेषा. आता एकेक तारीख या रेषांशी ताडून पाहायची.

२ मार्चला निफ्टी करेक्शनच्या रेषेच्या जेमतेम सात अंश वर थांबला. घसरण ९.९५ टक्के होती, दहा नव्हती. ६ मार्चला ती ११.१ टक्के झाली, तेव्हा या यादीप्रमाणे करेक्शनची तारीख ६ मार्च. १२ मार्चला घसरण २२.४ टक्क्यांवर गेली, म्हणजे बेअर मार्केटची तारीख १२ मार्च. मधे १० मार्चला होळीची सुट्टी होती, त्यामुळे करेक्शनपासून मंदीच्या बाजारापर्यंतचं अंतर कामकाजाच्या अवघ्या तीन दिवसांत कापलं गेलं.

इथे विद्यार्थी दोन ठिकाणी चुकतात. काही जण घसरणीला नव्या पातळीने भागतात. भागायचं असतं ते नेहमी उच्चांकाने. काही जण दिवसभरातला सर्वात वरचा आणि सर्वात खालचा भाव घेतात. तो हिशेब केला तर १२,४३०.५० ते ७,५११.१० अशी घसरण निघते आणि ती ३९.६ टक्के भरते. बंद पातळ्यांवरचा आकडा ३८.४ टक्के आहे. क्षणभर लागलेल्या भावापेक्षा दिवसअखेरीला ठरलेली पातळी अधिक भरवशाची मानली जाते, म्हणून बंद पातळी घ्यायची. काहीही घेतलं तरी दोन्ही टोकांना एकच पद्धत हवी.

प्रश्न ३. हा मंदीचा बाजार सुरू कधी झाला, १४ जानेवारीला की १२ मार्चला?

उत्तर : तो सुरू झाला १४ जानेवारीला, आणि सुरू झाल्याचं कळलं १२ मार्चला. २० टक्क्यांची रेषा ओलांडली की मोजणी मागे नेऊन उच्चांकाच्या दिवसापासून धरतात. १४ जानेवारीच्या संध्याकाळी ‘आजपासून मंदी’ असं कुणालाच म्हणता येत नव्हतं. त्या दिवशी बातमी होती ती नव्या उच्चांकाची.

तळाचंही तसंच. २३ मार्चला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के आपटला. तोच या घसरणीचा तळ आहे, हे नंतरच्या वाढीने ठरवलं. उत्तरात दोन्ही तारखा असतील तरच पूर्ण गुण द्यावेत, कारण बाजारातल्या या तिन्ही संज्ञा मागे वळून लावलेल्या असतात. त्यांच्यावरून उद्याचा भाव सांगता येत नाही.

प्रश्न ४. ३८.४ टक्के घसरलेला निर्देशांक मूळ पातळीवर यायला किती टक्के वाढ लागेल? आणि बुल मार्केट कोणत्या तारखेला धरायचं?

उत्तर : ३८.४ टक्के हे उत्तर चूक. घसरण १२,३६२ वर मोजली होती, वाढ मात्र ७,६१० वर मोजायची आहे. गमावलेले अंश ४,७५२.०५. त्यांना ७,६१०.२५ ने भागलं की ६२.४ टक्के येतात. पाया लहान झाला की तेवढेच अंश मिळवायला जास्त टक्के लागतात. घसरण जितकी खोल, तितकी ही तफावत वाढते : १० टक्क्यांच्या घसरणीला ११.१ टक्के वाढ पुरते, २० टक्क्यांना २५ टक्के लागते आणि ५० टक्क्यांना थेट १०० टक्के.

बुल मार्केटची रेषा तळाच्या १२० टक्क्यांवर, म्हणजे ९,१३२.३० वर येते. ९ एप्रिलला निफ्टी ९,१११.९० वर बंद झाला; वाढ १९.७ टक्के, म्हणजे थोडक्यात हुकली. १७ एप्रिलला तो ९,२६६.७५ वर बंद झाला आणि वाढ २१.८ टक्के झाली. म्हणून तारीख १७ एप्रिल २०२०, आणि मागे वळून धरलेली सुरुवात २३ मार्च.

आता त्याच दिवशी उच्चांकाकडे पाहा. १७ एप्रिलला निफ्टी जानेवारीच्या पातळीपेक्षा अजून २५ टक्के खाली होता. व्याख्येप्रमाणे तेजी सुरू झाली होती, आणि जानेवारीत पैसे गुंतवलेल्या माणसाचा चौथा हिस्सा अद्याप गायब होता. दोन्ही विधानं खरी आहेत. जुना बंद उच्चांक ओलांडला गेला तो ९ नोव्हेंबर २०२० ला.

प्रश्न ५. ‘बाजाराला १० टक्क्यांचं सर्किट लागलं, म्हणजे करेक्शन झालं.’ चूक की बरोबर?

उत्तर : चूक. सर्किट आदल्या दिवशीच्या बंद पातळीपासून मोजतात, करेक्शन उच्चांकापासून. सर्किट हा नियम आहे : निर्देशांक १०, १५ किंवा २० टक्के हलला की व्यवहार थांबवले जातात. दुपारी एकच्या आत १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली, तर ४५ मिनिटं.

१३ मार्च २०२० चा दिवस दोन्हींतला फरक स्पष्ट दाखवतो. सकाळी निफ्टी १० टक्क्यांहून अधिक कोसळला आणि व्यवहार थांबले. पुन्हा सुरू झाल्यावर खरेदी आली आणि तो ९,९५५.२० वर, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा ३.८ टक्के वर बंद झाला. खालचं सर्किट लागलेला दिवस वाढीने संपला. ती पातळी बेअर मार्केटच्या ९,८८९.८४ या रेषेच्याही किंचित वर होती, तरी मंदीचा बाजार संपला असं कुणी धरलं नाही. कारण तो संपवायला तळापासून २० टक्के वाढ हवी असते.

प्रश्न ६. २६ सप्टेंबर २०२४ ला निफ्टी २६,२१६.०५ वर बंद झाला आणि ४ मार्च २०२५ ला २२,०८२.६५ वर. याला काय म्हणाल?

उत्तर : घसरण ४,१३३.४० अंशांची, म्हणजे १५.८ टक्के. हे करेक्शन. बेअर मार्केटची रेषा २०,९७२.८४ वर होती आणि निफ्टी तिथवर गेला नाही.

इथे एक उपप्रश्न जरूर विचारावा : मग याच काळात अनेक गुंतवणूकदार मंदीची भाषा का करत होते? कारण त्यांच्याकडे निफ्टीतल्या पन्नास मोठ्या कंपन्यांपेक्षा लहान कंपन्यांचे शेअर जास्त होते. त्या महिन्यांत लहान कंपन्यांचे निर्देशांक आपापल्या उच्चांकापासून २० टक्क्यांहून अधिक घसरले होते. एकाच दिवशी एक निर्देशांक करेक्शनमध्ये आणि दुसरा बेअर मार्केटमध्ये असू शकतो. म्हणून उत्तरात निर्देशांकाचं नाव नसेल तर ते अपुरं समजावं.

प्रश्न ७. २० टक्क्यांच्या नियमाची मर्यादा एका उदाहरणाने सांगा.

उत्तर : २००८ चा सेन्सेक्स. जानेवारीत २०,८७३ वर बंद झालेला हा निर्देशांक २७ ऑक्टोबरला ८,५०९.५६ वर आला. तिथून आठवड्याभरात, ४ नोव्हेंबरला, तो १०,६३१.१२ वर बंद झाला. वाढ जवळपास २५ टक्के. नियम डोळे मिटून लावला तर हे बुल मार्केट ठरतं. पण नोव्हेंबर संपण्याआधीच सेन्सेक्स पुन्हा साडेआठ हजारांखाली गेला आणि ९ मार्च २००९ ला ८,१६०.४० वर त्याचा तळ लागला.

मोठ्या घसरणीच्या पोटात अशा उसळ्या येतात. ज्यांनी पडत्या बाजारात शेअर आधी विकून ठेवलेले असतात, ते सौदा पुरा करायला धावत खरेदी करतात आणि भाव झपाट्याने वर जातात. ती खरेदी संपली आणि नवा पैसा आला नाही की भाव परत उतरतात. त्यामुळे जाणकार २० टक्क्यांसोबत काळही पाहतात : वाढ काही महिने टिकली का, आणि मधल्या घसरणीत जुना तळ मोडला का. २००८ मध्ये तो मोडला, २०२० मध्ये बंद पातळीवर मोडला नाही.

गुणांच्या वाटणीबद्दल शिक्षकांना एक विनंती. केवळ संज्ञा बरोबर लिहिली असेल तर एक गुण द्या. निर्देशांकाचं नाव, कोणत्या तारखेच्या कोणत्या पातळीपासून मोजलं आणि टक्केवारी, हे तीनही लिहिलं असेल तरच उरलेले तीन गुण द्या. विद्यार्थ्यांनी टीव्हीवर ‘बाजार मंदीच्या विळख्यात’ ही पट्टी दिसली की याच तीन गोष्टी शोधाव्यात. त्या सापडल्या नाहीत, तर ती बातमी अपुरी आहे.